कारण नंतर लिही, आधी वेळ लिही

बाळा,

तुझा मेसेज वाचला, रात्रपाळीला माग सारखे थांबतात, बोल तुला बसतात आणि तू राजीनामा द्यायला निघालास. लॉगशीटचा फोटोपण मोठा करून बघितला. राजीनाम्याचं नंतर बोलू. आधी मला सांग, रात्रभरातल्या सगळ्या स्टॉपेजपुढं "सूत खराब, सूत खराब" असं एकाच पेनानं एका दमात लिहिलंय, ते कधी लिहिलंस? सकाळी चहा पीत, बरोबर ना? वेळेचा कॉलम रिकामा. मग मॅनेजर म्हणणारच की रात्रीचे लोक झोपतात, त्याला खोटं पाडायला तुझ्याकडं आहे काय?

"सूत खराब" हा निकाल झाला बे. तू न्यायाधीश नाहीस, सुपरवायझर आहेस. किती वाजता थांबला, कुठला लूम, काय दिसलं, किती वाजता सुरू झाला, एवढंच लिहायचं. आधी वेळ, कारण मागाहून.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या शेडमध्ये रात्रपाळी करायचो तेव्हा आमच्याकडंपण हेच चाललं होतं. रॅपियर लूम, ऐन एप्रिल, आणि रात्री उत्पादन असं पडायचं की सकाळी मालक शेडमध्ये न येता थेट मला केबिनमध्ये बोलवायचे. लूमची सेटिंग बघणारा जॉबर म्हणायचा सायझिंगवाल्यानं सुताला खळ कमी लावली, सायझिंगवाला म्हणायचा तुमची सेटिंग गंडली, आणि मॅनेजरचं ठरलेलं, विव्हर पेंगतात. सगळ्यांकडं कारण होतं, वेळ कुणाकडंच नव्हती.

जुनी शीटं काढली तर तुझ्यासारखीच. थर्मामीटरचे आकडेसुद्धा दर दोन तासांनी तेच ते, म्हणजे कुणी बघतच नव्हतं, मागच्या ओळीवरून उतरवत होते. मी सांगितलं, सकाळी भरलेल्या शीटवर मी सही करणार नाही. लूम थांबला की विव्हरनं खडूनं लूमच्या पाटीवर वेळ टाकायची आणि मी फेरी मारताना ती शीटवर घ्यायची. लोक मला कारकून म्हणायला लागले. म्हणू देत. मी आजपण म्हणतो, ते कारकुनी काम नव्हतं.

अजून एक कॉलम वाढवला, तार कुठल्या बीमची तुटली. बीम म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ. आमच्या टॉवेलला खालच्या बीमवर, म्हणजे ग्राऊंडला, दुहेरी 2/20 चं सूत असायचं, ते सहसा तुटत नाही. वरचा पाईलचा बीम, ज्याचे टॉवेलवर फासे उठतात, तो एकेरी 16 नंबरचा, खळ लावलेला. आडवा धागा तुटला तर त्याची वेगळी खूण.

काही आठवड्यांची शीटं जमल्यावर कॅन्टीनच्या टेबलावर पसरून बसलो. आधी लूमप्रमाणे मोजलं. एक 14 नंबर सोडला तर सगळे सारखेच, आणि 14 ला दुखणं वेगळं होतं, तिथं तार तुटली की लूम थांबवणारा ड्रॉपरच अडकून, तार न तुटताच लूम थांबायचा, कुठल्याही वेळेला. तो बाजूला काढला. मग विव्हरप्रमाणे मोजलं, काही नाही. ज्या अण्णाला सगळे झोपाळू म्हणायचे त्याचे स्टॉपेज बाकीच्यांएवढेच होते. मग सायझिंगच्या सेटप्रमाणे लावलं तर एक सेट जरा वाईट दिसला, आणि जॉबर खूश झाला. पण तोच बीम, तेच सूत दिवसा मुकाट्यानं चालत होतं. खळ काय घड्याळ बघून कमी होते काय?

शेवटी तासाप्रमाणे मांडलं. रात्री दहा ते एक तुरळक. दोननंतर एकदम गर्दी, सगळ्या लूमवर, आणि जवळजवळ सगळी पाईल बीमची. आडव्या धाग्याचे स्टॉपेज मात्र रात्रभर एकाच चालीनं. इथं मला वाटलं की हे माणसाचं काम नाही. माणूस पेंगला तर लूम सुरू व्हायला उशीर होईल, पण एकट्या पाईलच्याच तारा कशाला तुटतील?

दोननंतर नेमकं बदलतं काय, ते थर्मामीटरच्या कॉलमात मिळालं, कारण आता ते आकडे खरे होते. अकराला सुक्या थर्मामीटरवर 32, ओली वात गुंडाळलेल्यावर साडेअठ्ठावीस, म्हणजे हवेतली आर्द्रता साधारण 77 टक्के, विणकामाला झकास. तीनला सुकं 34, ओलं 26. त्रेपन्न टक्के! एवढ्या कोरड्या हवेत खळीचा थर कडक होऊन झडायला लागतो, लूमखाली पांढरी धूळ साठते, आणि एकेरी तार फणीतनं घासून जाताना तुटते. दुहेरी सूत तग धरतं.

पण शेडमध्ये ओली हवा सोडणारा ह्युमिडिटी प्लँट तर चालू होता. पॅनेलचा हिरवा दिवा, डक्टमधून वारा, आवाज, सगळं जागेवर. आणि गंमत म्हणजे हे रोज व्हायचंपण नाही. मधेच एखादी रात्र एकदम स्वच्छ जायची. वाराप्रमाणे लावून बघितलं, जुळेना.

जुळलं ते गेटवर. वॉचमनच्या आवक रजिस्टरात टँकरची नोंद असते, वेळेसकट. तो माणूस आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा, गाडी आली की घड्याळ बघून लिहायचा. माझी शीट आणि त्याचं रजिस्टर शेजारी ठेवलं. ज्या दिवशी नळाला पाणी आलं किंवा संध्याकाळी दुसरा टँकर आला, त्या रात्री स्वच्छ. एकच टँकर, तोही सकाळचा, त्या रात्री बोंब. सोलापुरात नळाच्या पाण्याची पाळी कशी असते ते तुला सांगायला नको.

त्याच रात्री एकला बॅटरी घेऊन टाकीवर चढलो, तळाला चार बोटं पाणी. प्लँटमध्ये फवाऱ्याचं पाणी फिरतं राहतं, जेवढं हवेत जातं तेवढं वरच्या टाकीतून येतं. टाकी संपली तरी खालच्या हौदावर तासभर निघतो, मग पंप नुसती हवा ओढतो. फवारा बंद, पंखा चालूच. म्हणजे शेडमध्ये आम्ही कोरडा वारा मारत होतो आणि तारा सांधत होतो. सकाळी टँकर आला की सगळं गुपचूप ठीक, त्यामुळं दिवसपाळीला हे कधी दिसलंच नाही.

नंतर संध्याकाळचा दुसरा टँकर पक्का केला, हौदाला फ्लोट लावून पाणी उतरलं की भोंगा वाजेल असं केलं. पाईलच्या तुटी पहाटेपण दहाच्या चालीवर आल्या. सगळं थांबलं असं नाही, उन्हाळ्यात थोडं राहतंच, आणि सायझिंगचा तो एक सेट खरंच जरा हलका होता.

अण्णा मात्र त्याआधीच भिवंडीला निघून गेला होता. त्याला झोपाळू ठरवून काढला, आणि त्याच्या बाजूनं दाखवायला तेव्हा वेळ लिहिलेली शीटं पुरेशी जमली नव्हती. म्हणून मी वेळेवर एवढा अडून बसतो. हट्टी म्हण, चालेल.

तुझ्याकडं पाणीच कमी पडत असेल असं मी म्हणत नाही, उगाच उद्या टाकीवर चढू नकोस. तुझ्याकडं कॉम्प्रेसर असेल, व्होल्टेज असेल, किंवा खरंच सूत असेल. मला फोटोवरून कळत नाही कारण वेळ नाही! पुढचे पंधरा दिवस लूम थांबल्याथांबल्या वेळ लिही आणि शीटं पाठव. तोपर्यंत राजीनामा खिशात ठेव.

आणि शेडमधल्या ओल्या थर्मामीटरची वात बघ, बाटलीत पाणी आहे का ते बघ. वात सुकली की दोन्ही आकडे सारखे येतात, आणि भर मे महिन्यात तुझ्या शीटवर आषाढ लागतो.

तुझा,
काका