गोधडीचा भाव

जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते, किंमत किती सांगू आणि गिऱ्हाईक कुठे मिळेल?

साडी फुकटची म्हणून ३०० सांगत असाल तर तिथेच गंडतंय. मी नौपाड्यात बाळाच्या गोधड्या करते, तीन बाय साडेतीन फूट, हाताचा धावदोरा, १४ तास जातातच, म्हणजे तासाला ६० धरले तरी ८४० आणि वर दोरा-अस्तराचे १५०, हजाराखाली परवडतच नाही. अभ्रा मशीनवर तासात होतो, तो २००ला देते. गिऱ्हाईक बारशाचं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका आणि साडी त्यांच्या आजीचीच मागा, मग घासाघीस फार होत नाही. फक्त कापड आधी उजेडात धरून ताणून बघा, विरलेलं असेल तर दोन धुण्यांत टाक्यापाशी फाटतं आणि बोलणी आपल्याला.