कमानीची जीवा आणि त्रिज्या माहीत असेल तर मधली उंची कशी काढायची?

ड्रॉइंगवर गेटच्या कमानीची जीवा २४०० मिमी आणि त्रिज्या २००० मिमी लिहिली आहे, मधली उंची दिलेलीच नाही. मित्र ३६० म्हणतो, मी कॅल्क्युलेटरवर केलं तर एरर येतो. नेमकी किती धरायची?

४०० मिमी. पण पाइप रोलिंगला पाठवण्याआधी पुढचं वाचा, कारण तुमच्या ड्रॉइंगवर ती ४१३ सुद्धा असू शकते.

आधी एरर का येतो ते बघू. तुम्ही बहुधा पूर्ण जीवेचा वर्ग वजा करताय. २००० च्या वर्गातून २४०० चा वर्ग वजा केला की उत्तर ऋण येतं आणि त्याचं वर्गमूळ निघत नाही. घ्यायची असते ती अर्धी जीवा, म्हणजे १२००. अर्धी घेऊनही एरर आला, तर ड्रॉइंग वाचण्यात चूक आहे असं समजा, कारण अर्धी जीवा त्रिज्येपेक्षा मोठी असूच शकत नाही.

मोबाइलवर शीटमध्ये टाकायचं असेल तर असं:

```
=2000-SQRT(2000^2-1200^2)
```

यातलं वर्गमूळ १६०० येतं. हा आकडा नुसता मधल्या पायरीचा समजू नका, त्याला जागेवर अर्थ आहे. जीवेच्या मध्यापासून खाली १६०० मिमीवर वर्तुळाचं केंद्र असतं. शेडमधल्या फरशीवर खडूने २४०० ची रेघ मारा, तिच्या मध्यातून गुण्या लावून खाली १६०० मोजा आणि तिथे खूण करा. त्या खुणेपासून रेघेच्या टोकापर्यंत टेप लावला की बरोबर २००० भरतं. १२००, १६००, २००० म्हणजे गवंडी पायाचा काटकोन तपासायला जो तीन-चार-पाच धरतो, तोच त्रिकोण. केंद्रापासून कमानीच्या माथ्यापर्यंतही २०००च, त्यातले १६०० जीवेपर्यंत संपले, उरले ४००. या उंचीला आपल्याकडे शर म्हणतात: चाप म्हणजे धनुष्य, जीवा म्हणजे दोरी आणि मधे लावलेला बाण तो शर. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेला नियम अर्धी जीवा न करताच चालतो. व्यास ४००० आणि जीवा २४०० यांची बेरीज ६४००, वजाबाकी १६००, दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ ३२००. ते व्यासातून वजा केलं की ८००, त्याचं निम्मं ४००. अर्धी जीवा घ्यायला विसरणाऱ्या कारागिराला मी हीच रीत शिकवतो.

तुमच्या मित्राने जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या, हे झटपट सूत्र वापरलं. ते खोटं नाही, फक्त चपट्या कमानीसाठी आहे. खरा हिशोब असा आहे की त्या सूत्रातून आलेल्या आकड्यात शराचा वर्ग भागिले दोन त्रिज्या एवढं आणखी मिळवावं लागतं. तुमच्या कमानीत हा तुकडा १,६०,००० भागिले ४००० म्हणजे ४० मिमी, आणि तेवढंच मित्राचं ३६० कमी पडलंय. त्याच त्रिज्येवर जीवा फक्त ५०० घेतली तर झटपट सूत्र १५.६ देतं आणि अचूक उत्तर १५.७. तिथे खुशाल वापरा. गेटच्या कमानीला मात्र कधीच नाही.

आता ४१३ कुठून आले ते सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय. हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. काही वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या गेटची अशीच कमान होती: ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, आत पत्रा भरायचा. मीही २४०० आणि २००० वाचलं, ४०० काढलं, त्यावर प्लायचा साचा केला आणि साच्यावरून पत्रा कापून ठेवला. फ्रेम रोल होऊन आली, पत्रा आत बसवला, तर टोकांना घट्ट आणि माथ्याला बोटभर फट. उन्हात गेट उभं केलं तेव्हा शेडच्या फरशीवर त्या फटीची चंद्रकोर पडली होती. पत्रा वाया गेला, दिवस गेला, आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं.

नंतर ड्रॉइंग नीट पाहिलं. २४०० हे माप पाइपच्या आतल्या कडांमधलं होतं, म्हणजे मोकळी जागा. त्रिज्येच्या बाणाचं टोक मात्र बाहेरच्या रेषेला टेकलेलं होतं. म्हणजे बाहेरची कड २००० आणि आतली १९५०. जीवा आतली घेतली तर त्रिज्याही आतलीच घ्यायला हवी. १९५० च्या वर्गातून १२०० चा वर्ग वजा केला की वर्गमूळ १५३७ आणि शर ४१३. माझी फट बरोबर १३ मिमीची होती, मी मोजली होती.

तेव्हा आकडा वाचायच्या आधी बाण कुठल्या रेषेला टेकतो ते बघा. तीन शक्यता असतात: बाहेरची कड, आतली कड आणि पाइपची मध्यरेषा. मध्यरेषा बहुतेक वेळा लांब-आखूड तुकड्यांनी काढलेली असते. केंद्र कागदाबाहेर जात असेल तर त्रिज्येची रेघ मधे मोडून दाखवतात. ती मोजून काही मिळत नाही, लिहिलेला आकडाच खरा. झेरॉक्सवर पट्टी लावून जीवा काढू नका, कागद किती टक्क्यांवर निघालाय हे कुणालाच सांगता येत नाही. बाण स्पष्ट नसेल तर ड्रॉइंगवाल्याला फोन करून एकच विचारा, "साहेब, ही त्रिज्या कुठल्या कडेची?" आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा.

पाइप रोल होऊन आला की लगेच वेल्डिंगला घेऊ नका. रोलरमधून सुटल्यावर पाइप थोडा उघडतो, त्यामुळे उंची कमी भरते. शिवाय दोन्ही टोकांचा थोडा भाग सरळच राहतो. तो कापायला पाइप आधीच जास्त लांब घ्यायचा असतो. मी आतल्या कडेला १००० मिमीची सरळ पट्टी दोन्ही टोकं टेकवून धरतो आणि तिच्या मध्यात फट मोजतो. आतली त्रिज्या १९५० असेल तर ती फट ६५ मिमी हवी. ६४ आली तर त्रिज्या साधारण ३५ ने मोठी झाली आहे, आणि पूर्ण कमानीवर माथा ९ मिमी खाली बसेल. एवढासा एक मिमी तिथे दिसतो म्हणून मी पट्टी डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी लावतो. तिन्हीकडे सारखीच कमी असेल तर रोलरवर आणखी एक पास द्यायचा. एकाच ठिकाणी कमी असेल तर तो भाग चपटा राहिलाय, मग फक्त तेवढ्याच भागावर काम करायचं, नाहीतर बाकीची कमान जास्त वळते.