ऑफिसच्या भाडेकरारात स्वतःची हमी देण्यापूर्वी

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी वैयक्तिक हमीवर सही केलीत की कंपनीच्या देण्यांपासून तुमच्या खासगी मालमत्तेला मिळणारं संरक्षण त्या भाड्यापुरतं संपतं. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर हमीदाराची जबाबदारी कंपनीइतकीच असते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्यावरची वसुली थांबते, हमीदारावरची नाही.

समजा, भाडं महिना दीड लाख, लॉक-इन, म्हणजे करार मध्येच सोडता न येणारा काळ, 36 महिने आणि कंपनी 14व्या महिन्यात बंद पडली. उरलेल्या 22 महिन्यांचे 33 लाख होतात. नऊ लाख डिपॉझिट वळतं केलं तरी 24 लाखांची मागणी थेट तुमच्याकडे येऊ शकते.

म्हणून हमी तीन महिन्यांच्या भाड्यापुरती आणि लॉक-इनपुरतीच द्या, तसा आकडा लिहून घ्या. संचालकपद सोडल्याने हमी आपोआप सुटत नाही. जागामालकाकडून लेखी मुक्तता घ्याच.