पेशंट रात्री पडला, रिपोर्टमध्ये काय लिहू?

"ताई, माझ्या रात्रपाळीत 72 वर्षांचे आजोबा बेडजवळ पडलेले सापडले. कपाळाला टाके पडले. उद्या इन्सिडेंट रिपोर्ट द्यायचाय आणि नातेवाईक केस करू म्हणतायत. माझी चूक झाली असं कबूल करून टाकू की मोघम लिहू?"

दोन्ही नको. मोघम लिहिलं तर वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की लपवताय काय? आणि 'माझ्या निष्काळजीपणामुळे पेशंट पडला' हे वाक्य तर लिहूच नका. निष्काळजीपणा झाला की नाही हे ग्राहक आयोग किंवा कोर्ट ठरवतं. साक्ष्य अधिनियमात कबुली म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, हे खरं. पण एकदा सहीनिशी लिहिलेली कबुली खोडून काढायला फार जड जाते. शिवाय तुम्ही कर्मचारी म्हणून लिहिता, त्यामुळे ती हॉस्पिटलच्याही अंगावर येऊ शकते.

मग लिहायचं काय? डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हातांनी मोजलं आणि केलं, तेवढंच. मुळात आजोबा पडताना तुम्ही पाहिलं का? नसेल, तर 'बेडवरून पडले' हासुद्धा अंदाजच झाला. कदाचित ते उठून चालायला लागले असतील आणि मग पडले असतील. तुमच्या प्रसंगात मी साधारण असं लिहिलं असतं (वेळा आणि आकडे अर्थात तुमचे घाला):

'02:00 च्या राउंडला पेशंट बेडवर झोपलेले होते. 02:40 ला आवाज ऐकून गेले असता बेडच्या उजव्या बाजूला जमिनीवर, उजव्या कुशीवर आढळले. पडताना कोणी पाहिले नाही. पेशंट म्हणाले, "लघवीला उठलो, पाय घसरला." डाव्या भुवईच्या वर अंदाजे 2 सेंमी जखम, रक्तस्राव. शुद्धीवर, नाव व ठिकाण बरोबर सांगतात. बीपी 140/80, नाडी 92. बेडची डावी रेलिंग वर, उजवी खाली होती. बेल उशीजवळ होती. 02:45 ला आरएमओंना फोन, 02:55 ला त्यांनी तपासले, सीटी स्कॅन सांगितला. 03:10 ला मुलाला फोनवर कळवले.'

उजवी रेलिंग खाली होती हे इथे लिहिलंय, ते बघा. ते तुमच्या विरोधात जाऊ शकतं, तरी लिहायचंच, कारण ती पाहिलेली गोष्ट आहे. ती गाळली आणि उद्या वॉर्डबॉयच्या जबाबात आली, तर उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. मात्र 'रेलिंग खाली राहिल्यामुळे पडले' यातलं 'मुळे' तुमचं नाही. वाक्यात 'मुळे', 'बहुधा', 'असावे' आलं की हात थांबवा.

रात्री 10 ला झोपेची गोळी दिली असेल तर नाव, डोस, वेळ लिहा. 'गोळीमुळे चक्कर आली असावी' लिहू नका. फरशी तुम्ही पाहिली नसेल, तर 'फरशी कोरडी होती' हे स्वतःच्या बचावासाठीही लिहू नका. 'स्टाफ कमी असल्यामुळे लक्ष देता आलं नाही' याऐवजी 'ड्युटीवर दोन सिस्टर, वॉर्डात 28 पेशंट' एवढं लिहा. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं, आणि तक्रारीचा सूरही लागत नाही. 'पेशंट ऐकत नव्हते' हेही तसंच. त्यापेक्षा '23:00 ला उठायचे असल्यास बेल दाबण्यास सांगितले, पेशंट "बरं" म्हणाले' हे भक्कम. अर्थात खरंच सांगितलं असेल तरच.

हे केस पेपरमधल्या नर्सेस नोट्समध्येही लागेल, पण तिथे पेशंटची अवस्था आणि उपचार एवढंच. 'इन्सिडेंट रिपोर्ट भरला' अशी नोंद तिथे करू नका. नातेवाईकांनी मागितल्यावर केस पेपरची प्रत 72 तासांत द्यावी लागते, म्हणजे ती ओळ आधी त्यांच्याच हाती पडते. इन्सिडेंट रिपोर्ट हॉस्पिटलच्या आत राहतो, पण तो कोर्टात कधीच जाणार नाही असं धरून लिहू नका. कारणं शोधणं हे क्वालिटी कमिटीचं काम. फॉर्मवर 'कारण' असा रकाना असेल तर 'चौकशी बाकी' लिहून इन्चार्जशी बोला.

रिपोर्ट उद्यावर ठेवू नका, आजच लिहा; उशीर झाला तर प्रत्यक्ष लिहिण्याची तारीख-वेळ घाला, मागची नको. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नाही, पान बदलणं तर नाहीच. लिहायचं राहिलेलं काही नंतर आठवलं, तर 'उशिरा केलेली नोंद' म्हणून शेवटी जोडा. नोटीस आल्यानंतर मात्र हॉस्पिटलच्या वकिलांना विचारल्याशिवाय एक शब्दही वाढवू नका, आणि व्हॉट्सअप ग्रुपवर 'सॉरी, माझ्याकडून झालं' असं तर आत्ताही लिहू नका. स्क्रीनशॉटसुद्धा पुरावा म्हणून पुढे येतात.