जळगावहून मेलबर्नला: बॉक्स नंबर ७ ची यादी

भाऊ, परदेशी घर हलवताना सामानाच्या यादीत 'किचनचं सामान, १ बॉक्स' असं लिहिलं की कस्टम्सवाल्याला आत काय ते कळत नाही, मग तो बॉक्स उघडतो आणि तपासणीचा खर्च तुमच्या माथी. यादी इंग्रजीतच करा, पण अशी: बॉक्स ७, वापरलेली स्टीलची ताटं ६, वाट्या १२, लोखंडी तवा १, लाकडी पोळपाट-लाटणं १ जोडी, किंमत २,००० रुपये. किंमत आज जुन्या बाजारात येईल ती धरा. शून्य लिहू नका, खरेदीची पावतीही लावत बसू नका.

लाकूड वेगळं दिसू द्या. ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षावाले त्यात कीड शोधतात. पोळपाटाला पिठाचा कण चिकटला तरी अडकतो, म्हणून ब्रशने घासून कडक उन्हात वाळवा. आईने मधे सरकवलेली कळण्याच्या पिठाची पिशवी मात्र काढाच.

नवा मिक्सर 'वापरलेला' म्हणून घुसवू नका. तिथली करमाफी १२ महिने मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंना असते. त्याची वेगळी ओळ, खरेदीची तारीख आणि खरी किंमत लिहा. यादीतला नंबर बॉक्सच्या दोन बाजूंवर मार्करने टाका.