खरा आकडा सांगूनही समोरच्याची फसवणूक होऊ शकते

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन आली आहेत. चौरस फुटाला १०५, १५५ आणि १६५ रुपये. १६५वाल्याचे काम चांगले आहे, म्हणून त्याला १०५चा दर दाखवून खाली आणावे असे कमिटीतील काहींचे म्हणणे आहे. हे योग्य आहे की फसवणूक?

उत्तर :

सोसायट्यांच्या दुरुस्तीच्या कामांची अंदाजपत्रके आणि तुलनात्मक तक्ते करणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगतो की १६५वाल्याशी घासाघीस करण्यात काहीच गैर नाही. पण १०५ हा आकडा आज आहे त्या स्थितीत त्याच्यापुढे ठेवलात, तर आकडा खरा असूनही तुम्ही त्याची दिशाभूल कराल. हे दोन दर बहुधा एकाच कामाचे नाहीत.

तीनही कोटेशन शेजारी ठेवून केवळ दर न पाहता त्याखालचा बारीक मजकूर वाचा. गच्चीच्या कामात जुना कोबा फोडणे आणि राबिट खाली उतरवून वाहून नेणे हा मोठा खर्च असतो, आणि स्वस्त दिसणारा कंत्राटदार अनेकदा तोच वगळतो किंवा ‘आवश्यकतेनुसार जादा’ असे लिहून मोकळा होतो. भिंतीच्या कडेने काढायचा गोल वाटा, पावसाच्या पाइपच्या तोंडाभोवतीचे काम, उताराची जाडी, काम झाल्यावर पाणी साठवून घ्यायची चाचणी आणि जीएसटी यांबाबतही असेच होते.

उदाहरणापुरती गच्ची ४,००० चौरस फूट धरू. १०५ रुपयांनी ४,२०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,९५,६०० रुपये होतात. १६५ रुपयांनी, त्याच कराने, ७,७८,८०० होतात. कागदावर फरक २,८३,२०० रुपयांचा दिसतो. आता पहिल्याने कोबा फोडणे आणि राबिट धरलेले नाही असे समजा, आणि तुम्ही विचारल्यावर त्याने त्यासाठी चौरस फुटाला ३० रुपये सांगितले. त्याचा खरा दर १३५ झाला आणि एकूण रक्कम करासह ६,३७,२०० झाली. म्हणजे फरक १,४१,६०० रुपयांवर, बरोबर निम्म्यावर आला. हा उरलेला फरक खरा आहे आणि तो तुम्ही १६५वाल्याला निःसंकोच सांगू शकता. आधीचा फरक सांगितला असता, तर जे काम त्याने धरले आहे आणि दुसऱ्याने धरलेलेच नाही, त्याचेही पैसे तुम्ही त्याच्याकडून कमी करून मागितले असते.

म्हणून कोणाशीही बोलण्यापूर्वी कामाचे एकच वर्णन तयार करून तिघांना एकाच दिवशी द्यावे आणि बाबवार दर मागवावेत. येथे एक अवघड जागा आहे. समजा, १६५वाल्याने गच्चीवर येऊन पाहणी केली आणि गळती कोब्यातून नसून पाइपच्या तोंडातून होते असे शोधून काढले, तर ते निदान त्याच्या कोटेशनमधून उचलून तुमच्या वर्णनात घालणे आणि मग त्याच बाबीचा स्वस्त दर इतरांकडून घेणे मला अप्रामाणिक वाटते. त्याने ती मेहनत काम मिळण्याच्या आशेने फुकट केली होती. तसे करायचेच असेल, तर त्याला आधी विचारावे आणि पाहणीचे शुल्क द्यावे. त्याहून बरे म्हणजे एखाद्या स्वतंत्र अभियंत्याला फी देऊन वर्णन लिहून घ्यावे. काही कमिट्यांना हा खर्च वायफळ वाटतो, पण माझ्या मते गच्चीच्या कामातील सर्वांत उपयुक्त खर्च तोच असतो.

वर्णन एक झाल्यावरचे बोलणे साधे असते. ‘समान कामासाठी तुमच्यापेक्षा सुमारे १ लाख ४० हजारांनी कमी दर आमच्याकडे आहे. आम्हाला काम तुम्हाला द्यावेसे वाटते, पण एवढा फरक सर्वसाधारण सभेत पटवून देता येणार नाही. तुम्ही काय करू शकता?’ एवढे सांगितले तरी पुरते. कमी दरवाल्याचे नाव सांगू नये, त्याच्या लेटरहेडवरचा कागद तर मुळीच दाखवू नये. तो दर त्याने तुम्हाला दिलेला असतो, त्याच्या स्पर्धकाला नव्हे. या बोलण्यातील प्रत्येक विधानाला एकच कसोटी लावावी : उद्या तुमची फाइल त्या कंत्राटदाराच्या हाती पडली, तर तुमचे एखादे वाक्य खोटे ठरेल का? नसलेले चौथे कोटेशन, १३५चे १२० करून सांगणे, ‘आजच सही करतो’ असे म्हणून पुन्हा दुसऱ्याकडे जाणे, हे सर्व येथेच उघडे पडते. काम कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेले असताना केवळ फाइलमध्ये तीन कागद हवेत म्हणून इतरांना गच्चीवर चढवणे हेही त्यातच मोडते. तिन्ही कोटेशन एकाच कंत्राटदाराने आणून दिली असतील, तर फसवणूक सभासदांचीच होत असते आणि त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

प्रामाणिक दबावाने मिळणारी सूट बहुतेकदा देवाणघेवाणीतून येते. पाणी आणि वीज सोसायटीने पुरवणे, राबिट उतरवण्यासाठी आतून प्लायवूड लावून लिफ्ट वापरू देणे, बिल दिल्यापासून सात दिवसांत पैसे चुकते करणे, यांमुळे कंत्राटदाराचा खर्च खरोखर कमी होतो. या बदल्यात १६५चे १५६ झाले, तर करासह ७,३६,३२० रुपये होतात, म्हणजे ४२,४८० रुपये वाचतात आणि कामातील काहीही कमी होत नाही. पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, ही सूट मागू नका. तेव्हा सगळ्यांनाच गच्ची करून हवी असते आणि तुमच्या हातात काही उरत नाही.

खोट्या आकड्याने दर १३५पर्यंत ओढलात, तर दुसरेच काही घडते. जाणकार कंत्राटदार उठून जातो. जो थांबतो, तो ती कमतरता कोब्याच्या खाली भरून काढतो : सिमेंटचे प्रमाण, रसायनाचा एखादा हात, वाट्याची जाडी, पाइपच्या तोंडाशी घेतलेली काळजी. वरून लादी किंवा चायना मोझॅक बसल्यावर यातले काहीच दिसत नाही. काही जण दर पाळतात आणि नंतर जादा बाबी आणि वाढीव मोजमाप लावून बिल पूर्वीच्या जागी नेतात. एखाद्याने काहीही न मागता, वर्णनातील एकही बाब न बदलता, एका फोनवर २० टक्के कमी केले, तर आनंद मानण्यापूर्वी त्याच्याकडून बाबवार दर पुन्हा लिहून घ्या. कपात कोणत्या ओळीत झाली हे त्याला सांगता आले पाहिजे.

फेऱ्यांबाबत माझा नियम एकच फेरी असा आहे. तिघांनाही एकच तारीख द्यावी, सुधारित दर बंद पाकिटात मागवावेत आणि पाकिटे कमिटीच्या सभेत एकत्र उघडावीत. त्यानंतर ‘त्याने आणखी पाच कमी केले, तुमचे बोला’ असा लिलाव सुरू केला, की ज्याने पहिल्याच वेळी वाजवी दर दिला त्याला शिक्षा होते आणि पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी आधीच फुगवलेला दर आणतो. केंद्रीय दक्षता आयोगाच्या सरकारी खरेदीविषयक सूचनांमध्येही निविदा उघडल्यानंतरच्या वाटाघाटी टाळाव्यात आणि अपवादाने कराव्या लागल्याच, तर फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी कराव्यात असा दंडक आहे. सोसायटीला तो लागू नाही आणि तुम्ही चांगल्या कामासाठी जास्त दरवाल्याशी बोलू शकता. मात्र तसे का केले हे तुलनात्मक तक्त्याखाली दोन ओळींत लिहून ठेवावे. करारात ४८ तास पाणी साठवण्याची चाचणी घाला आणि बिलाचे १० टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा. ही अट तिघांनाही दर देण्यापूर्वीच कळली पाहिजे. काम मिळाल्यानंतर कळली, तर तीही दिशाभूलच ठरेल.