बर्लिनच्या ट्रामने चार-सहा थांबे जायला कोणतं तिकीट काढायचं?

प्रश्न: आम्ही पुण्याचे. आई-बाबांना घेऊन बर्लिनला चाललोय. मुख्य स्टेशनवरून M10 ट्रामने भिंतीचं स्मारक आणि रविवारचा माउअरपार्कचा बाजार बघायचा आहे. अंतर अगदी थोडं आहे, पण मशीनवर तिकिटांचे बरेच प्रकार दिसतात म्हणे. नेमकं कोणतं घ्यायचं?

उत्तर:

स्मारकापर्यंत जायला प्रत्येकी एक कमी अंतराचं तिकीट घ्या. मशीनच्या पडद्यावर ते Kurzstrecke या नावाने दिसेल, उच्चार साधारण ‘कुर्त्सश्ट्रेके’. २०२५ च्या दराने ते २.६० युरोला होतं आणि शहरातलं नेहमीचं एकेरी तिकीट ३.८० युरोला. दर बहुधा जानेवारीत वाढतात, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा आकडे थोडे पुढे गेलेले असतील. नियम मात्र तेच आहेत, आणि गोंधळ होतो तो नियमांतच. मी बर्लिनमध्ये राहून आलोय आणि पुण्याहून जाणारे ओळखीचे लोक मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पीएमपीच्या बसमध्ये कंडक्टरला उतरायची जागा सांगितली की टप्पे तो मोजतो. मेट्रोत फाटक मोजतं, चुकीचं तिकीट असेल तर बाहेर पडतानाच कळतं. बर्लिनच्या ट्राममध्ये कंडक्टरही नाही आणि फाटकही नाही. दार उघडतं, तुम्ही चढता, उतरता, कोणी काही विचारत नाही. म्हणजे टप्पे तुम्हालाच मोजावे लागतात, आणि तेही चढायच्या आधी.

नियम असा: या छोट्या तिकिटावर ट्राम किंवा बसने जास्तीत जास्त सहा थांबे जाता येतं. मेट्रो आणि लोकलने, म्हणजे तिथल्या यू-बान आणि एस-बानने, तीन स्टेशनं. मेट्रो-लोकलच्या त्या तीन स्टेशनांत गाडी बदलली तरी चालतं, पण ट्राम-बसच्या सहा थांब्यांत बदलता येत नाही. एकच गाडी, एकाच दिशेने, मध्ये न उतरता. आणि मोजताना तुम्ही जिथे चढता तो थांबा धरायचा नाही. पुढचा थांबा पहिला, जिथे उतरता तो शेवटचा.

आता तुमचाच मार्ग मोजू. मुख्य स्टेशनच्या थांब्यावर चढलात की पहिला थांबा इनव्हालिडेनपार्क. दुसरा नाटूरकुंडेम्युझेउम, म्हणजे निसर्गविज्ञानाचं संग्रहालय. तिसरा नॉर्डबानहोफ. चौथा गेडेंकश्टेटे बर्लिनर माउअर, हेच तुमचं भिंतीचं स्मारक. चार थांबे झाले, म्हणजे छोटं तिकीट आरामात पुरतं. त्याच ट्राममध्ये बसून राहिलात तर पाचवा बेर्नाउअर श्ट्रासं, सहावा वोलिनर श्ट्रासं, सातवा फ्रिडरिश-लुडविग-यान-श्पोर्टपार्क आणि आठवा एबर्सवाल्डर श्ट्रासं. माउअरपार्क सहाव्या आणि सातव्या थांब्यांच्या अगदी जवळ आहे. पण बरेच जण आठव्या थांब्यावर उतरतात, कारण तिथे मेट्रो आहे, खाण्याची दुकानं आहेत आणि बाजारात जाणारी गर्दीही तिथून येताना दिसते. सहाव्याच्या पुढे गेलात की छोटं तिकीट बाद होतं. तपासनीस सहाव्या आणि सातव्या थांब्याच्या मध्ये आला तर ‘एकच थांबा जास्त झाला’ असं म्हणून सुटका होत नाही.

रस्त्याच्या कामामुळे कधी मार्ग फिरवलेला असतो, एखादा थांबा हलवलेला असतो. म्हणून मी वर दिलेली यादी पाठ करून जाऊ नका. प्रत्येक थांब्यावरच्या वेळापत्रकात त्या गाडीचे पुढचे थांबे ओळीने छापलेले असतात. त्यावर बोट ठेवून मोजा, तीच मोजणी खरी.

दिशेकडेही लक्ष द्या. मुख्य स्टेशन हा M10 चा शेवटचा थांबा नाही. २०२३ पासून ही ट्राम पुढे टुर्मश्ट्रासंपर्यंत जाते. तुम्हाला समोरच्या पाटीवर Warschauer Straße लिहिलेली गाडी हवी. त्याच थांब्यावर M8 ही येते. नॉर्डबानहोफपर्यंत दोन्ही एकाच रस्त्याने जातात, मग M8 दुसरीकडे वळते. ‘तीही तिकडेच जातेय’ म्हणून M8 मध्ये चढलात आणि नॉर्डबानहोफला उतरून M10 पकडलीत, तर थांबे चारच होतील, पण गाडी बदलल्यामुळे छोटं तिकीट तिथेच संपलं. पाच-सात मिनिटं थांबा, पण M10 च घ्या.

आता पुढचा हिशेब, कारण तुम्हाला स्मारक आणि बाजार दोन्ही बघायचं आहे. छोट्या तिकिटावर मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही, त्यामुळे स्मारकापासून माउअरपार्कला ट्रामने जायचं तर नवं तिकीट लागेल. दोन छोटी तिकिटं मिळून ५.२० युरो होतात. नेहमीचं एकेरी तिकीट त्यावर वेळेचा ठसा पडल्यापासून १२० मिनिटं चालतं, त्यावर गाड्या बदलता येतात आणि त्याच दिशेने जात असाल तर मध्ये उतरताही येतं. म्हणजे स्मारकावर तासाभरात आटोपणार असाल तर ३.८० चं तिकीट स्वस्त पडतं. मात्र त्यावर उलट परत येता येत नाही, वेळ शिल्लक असली तरी.

पण मला विचाराल तर तिथे ट्राम घेऊच नका. स्मारक म्हणजे एक इमारत नाही. बेर्नाउअर श्ट्रासं या रस्त्याच्या कडेने ते जवळजवळ १.४ किलोमीटर पसरलेलं आहे. भिंत जिथे पाडली तिथे तिच्या रेषेत गंजलेल्या लोखंडाचे उभे खांब रोवलेत. त्यांच्यामधून माणूस सहज जाऊ शकतो, पण लांबून तिरकं पाहिलं की ते एकमेकांत मिसळून पुन्हा भिंतच उभी राहिल्यासारखं वाटतं. ट्रामच्या खिडकीतून हे हाती लागत नाही. आई-बाबांना सपाट रस्त्यावर सावकाश दीड किलोमीटर चालणं जमणार असेल तर चालत जा. शेवटी तुम्ही आपोआप माउअरपार्कपाशी पोचता.

परत येतानाची युक्ती यातूनच निघते. बाजारातून निघाल्यावर एबर्सवाल्डरला न जाता वोलिनर श्ट्रासंच्या थांब्यावर या. तिथून मुख्य स्टेशन बरोबर सहावा थांबा. पुन्हा छोटं तिकीट पुरलं. येणं-जाणं मिळून माणशी ५.२०. त्याच दिवशी अजून दोन-तीन ठिकाणी लांब जायचं असेल तर मात्र हे सगळं सोडून २४ तासांचं तिकीट घ्या. २०२५ मध्ये ते १०.६० युरोला होतं, म्हणजे तीन एकेरी तिकिटांपेक्षा कमी.

तिकीट घ्यायचं कुठे? ट्रामच्या आत मशीन असतं. चढल्याबरोबर घ्या, आधी जागा धरून मग नको. सुट्ट्या नाण्यांवर विसंबू नका, कार्ड तयार ठेवा. इथे आपल्या लोकांची एक हमखास अडचण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतात. परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही आपल्याला बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन वेगवेगळी सुरू करावी लागतात. पुण्यातून निघायच्या आधी हे करा. ट्राममध्ये उभं राहून ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं होतं, आणि भारतातलं सिम रोमिंगवर नसेल तर तो ओटीपी येतही नाही.

बर्लिनच्या ट्राम-बस चालवणाऱ्या बीव्हीजी या कंपनीच्या अ‍ॅपवरही तिकीट मिळतं, एका फोनवर तिघांची घेता येतात. अट एवढीच, की खरेदी ट्राममध्ये पाय ठेवायच्या आधी पूर्ण झालेली हवी. तपासनीस दिसल्यावर काढलेलं तिकीट धरलं जात नाही, त्यावर वेळ छापलेली असते.

कागदी तिकिटाचं मात्र नीट बघा. ट्रामच्या मशीनमधून आलेल्या तिकिटावर तारीख-वेळ आधीच असते. एस-बान किंवा मेट्रोच्या स्टेशनवरच्या मशीनमधून घेतलं असेल तर बहुधा त्यावर Bitte entwerten असं लिहिलेलं आणि ठशासाठी जागा कोरी असते. ते फलाटावरच्या किंवा ट्राममधल्या छोट्या पेटीत सरकवायचं, खट्ट आवाज येतो आणि ठसा उमटतो. ठसा नसेल तर पैसे भरूनही ते तिकीट चालत नाही. ठसा नीट उमटला का, हे बाहेर काढून एकदा वाचा.

तपासनीस बहुतेक साध्या कपड्यांत असतात. गाडी सुटली की ओळखपत्र दाखवून तिकीट मागतात. योग्य तिकीट नसेल तर ६० युरो, माणशी. परदेशी पाहुणे आहात म्हणून सूट नाही.

शेवटची गोष्ट, तुम्ही दुसऱ्या शहरातून रेल्वेने बर्लिनला येणार असाल तर. त्या रेल्वेच्या तिकिटावर Berlin+City असं छापलंय का बघा. छापलेलं असेल तर पोचल्यावर स्टेशनपासून पहिल्या मुक्कामापर्यंतचा शहराच्या मध्यभागातला प्रवास त्यातच धरलेला असतो, ट्रामसह. सामान घेऊन हॉटेलवर जाताना वेगळं काही काढू नका. विमानाने येत असाल तर विमानतळ शहराबाहेरच्या सी या भाडे-विभागात आहे. तिथून शहरात येताना ABC लिहिलेलं तिकीट लागतं, आणि छोटं तिकीट तिथे उपयोगाचं नाही.